मॅनेजर म्हणतात ‘लाइटचं टेन्शन घेऊ नका’, मग मेल कशाला?

काका, आम्ही ठाण्यातले सात-आठ जण मिळून यंदा नरकचतुर्दशीला दिवाळी पहाट करतोय, पहिल्यांदाच. गायक-वादक ठरले, एक एसी हॉल पण बघितला, म्हणजे फोटो बघितले. मॅनेजर फोनवर म्हणाले ६०० माणसं आरामात बसतात, लाइटचं टेन्शन घेऊ नका, आणि सकाळी कधीही या. शनिवारपर्यंत अर्धा अ‍ॅडव्हान्स मागतायत. मला वाटतं आधी हॉल बघावा आणि हे लेखी घ्यावं, पण ग्रुपमधले म्हणतात मेल केला तर ते चिडतील. करू का? आणि त्यात नेमकं लिहू काय?
— एक वाचक, ठाणे

कर, आणि शनिवारच्या आधी कर, कारण अ‍ॅडव्हान्स गेल्यावर केलेल्या मेलला उत्तर यायला दिवाळी उजाडते.

आधी एक सांगतो म्हणजे तुझ्या ग्रुपची भीती जाईल. तो मॅनेजर खोटं बोलत नाहीये. तीनही उत्तरं खरी आहेत, फक्त ती लग्नाची उत्तरं आहेत. त्याच्या हॉलवर वर्षभर लग्नं, मुंजी, बारशी होतात. रिसेप्शनला ६०० माणसं ‘बसतात’ म्हणजे येतात, स्टेजवर पाकीट देतात, जेवतात आणि जातात, एका वेळी खुर्चीत अडीच-तीनशेच असतात. ह्याला हॉलवाले फ्लोटिंग म्हणतात. लाइटचं टेन्शन नाही म्हणजे झुंबर, पंखे, एसी आणि नवरदेवाचा डीजे चालतो. आणि सकाळी कधीही म्हणजे सात वाजता, ब्राह्मण आणि केटरर आला की. तुमचं सगळंच उलटं आहे, माणसं दोन-अडीच तास हलणार नाहीत, स्टेजवर लोड जास्त आणि सात वाजता तर तुमचा मध्यंतर असेल. म्हणून मेल अविश्वासाचा नसतो, आमचा कार्यक्रम कसा आहे ते सांगायचा असतो, आणि तसाच लिहायचा.

आता त्या ६०० चं बघू. हॉलची मापं माग आणि कागद घेऊन बस. समज हॉल ६० फूट रुंद, ८० फूट लांब आहे. स्टेज २० फूट खोल, विंगांसकट ती सगळी रुंदी गेलीच. उरले ६० फूट. पहिल्या रांगेच्या पुढे ८ फूट सोड (नाहीतर पहिल्या रांगेतले आजोबा गाणं सोडून स्पीकर ऐकत बसतात), मागे दार आणि साऊंडवाल्याचं कन्सोल धरून ८ फूट. राहिले ४४. दोन रांगांत पाठीपासून पाठीपर्यंत ३ फूट लागतातच, म्हणजे १४ रांगा. रुंदीत दोन्ही भिंतींकडे ४-४ फूट आणि मधे ५ फूट वाट सोडली की ४७ फूट उरतात, एका खुर्चीला २१ इंच धरले तर २६ खुर्च्या. १४ गुणिले २६, म्हणजे ३६४. कन्सोलसमोरच्या दोन-चार काढ, ३६० धर. हेच तुझे ६००!

आता ५०० पासेस छापून बसलात तर पहाटे साडेपाचला काय होतं ते मी बघितलंय. कार्यकर्ते प्रेमाने खुर्च्या आणतात आणि मधल्या वाटेत टाकतात. दिल्लीच्या उपहार थिएटरला १९९७ साली आग लागली, ५९ माणसं गेली, तिथे जास्तीच्या सीट टाकून बाहेर जायची वाट अडवलेली होती हे पुढे केसमध्ये आलं. तेव्हा मेलमध्ये ‘कपॅसिटी किती’ असं विचारू नकोस, ‘वाटा मोकळ्या ठेवून खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर किती’ असं विचार. आणि फायरचं विचार. महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याप्रमाणे हॉलच्या मालकाने दर जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सवाल्या एजन्सीकडून आगीची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट द्यायचं असतं, त्याला फॉर्म बी म्हणतात. दिवाळीच्या वेळी जुलैचा कागद असायलाच हवा. बघायला मिळेल का एवढंच विचारायचं, चांगल्या हॉलमध्ये तो फाइलमध्ये वरच असतो, आणि नसेल तर मॅनेजरचा चेहरा सांगतो.

पॉवर हा भाग मात्र जरा नीट वाच, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जळतात आणि लोक सगळ्यात कमी प्रश्न इथेच विचारतात. ‘थ्री फेज आहे का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, थ्री फेज सगळ्यांकडे असतो. स्टेजजवळ तुम्हाला किती अँपिअरचा पॉइंट मिळणार हे महत्त्वाचं. त्यासाठी आधी आपल्या साऊंड-लाइटवाल्याला फोन करून लोड विचार. तुमच्यासारख्या कार्यक्रमाला साधारण असं येतं: स्टेजचे रंगीत दिवे म्हणजे एलईडी पार २४, साधारण १८० वॉटचे, म्हणजे सव्वाचार किलोवॉट. समोरून चेहऱ्यावर मारायला जुने हॅलोजन चार, हजार वॉटचे, ते चार किलोवॉट. साऊंड सहा धर. मागे बारा बाय आठ फुटांची एलईडी वॉल लावणार असाल तर ती फुल ब्राइटवर पाच-साडेपाच खाते. कीबोर्ड, मॉनिटर, किरकोळ एक. झाले २१ किलोवॉटच्या आसपास. तीन फेजवर सारखं वाटलं तर प्रत्येक फेजला ३०-३५ अँपिअर येतात. म्हणजे ३२ चा पॉइंट असेल तर तो काठावर आहे, बंदिश रंगात आली की पडणार. ६३ चा हवा.

आणि तो पॉइंट फक्त स्टेजसाठी हवा. दिवाळी पहाटला फराळ असतो, फराळाला चहा असतो, आणि केटररचा इलेक्ट्रिक बॉयलर तीन किलोवॉटचा असतो, बऱ्याचदा दोन असतात. हा माणूस पहाटे साडेचारला येतो, जवळचं सॉकेट बघतो आणि खुपसतो. ते सॉकेट तुमच्या साऊंडच्या फेजवर निघालं तर पुढचं मी सांगायला नको.

जनरेटरचं वेगळं विचार. ‘बॅकअप आहे’ ह्याला अर्थ नाही, त्याच्यावर काय काय चालतं ते विचार. बऱ्याच हॉलमध्ये जनरेटरवर दिवे, पंखे आणि लिफ्ट असते, एसी नसतो, आणि स्टेजचा पॉइंट असेलच असं नाही. ६२.५ केव्हीएचा जनरेटर म्हणजे कागदावर साधारण ५० किलोवॉट, तो पूर्ण कधीच ओढायचा नसतो. शिवाय लाइट गेल्यावर जनरेटर ऑटो असला तरी काही सेकंद जातातच, तेवढ्यात डिजिटल मिक्सर बंद होतो आणि परत चालू व्हायला वेळ घेतो, गायिका तान घेऊन उभी. म्हणून मिक्सर युपीएसवर हवा, हे हॉलचं नाही, तुझ्या साऊंडवाल्याचं काम, पण त्याला आजच सांग. डिझेल भाड्यात की तासावर हेही विचारून घे.

मी एकदा उपनगरातल्या एका हॉलवर असाच ‘टेन्शन घेऊ नका’ वर विश्वास ठेवला होता. स्टेजच्या बोर्डातला न्यूट्रल, म्हणजे तीनही फेजची परतीची वायर, ढिला होता. रात्री चार दिवे लावून टेस्ट केली तेव्हा काही कळलं नाही, पहाटे सगळं लोड आलं आणि एका फेजला व्होल्टेज पडलं, दुसऱ्याला चढलं, दोन दिवे अचानक जास्तच लख्ख झाले, मी म्हटलं वा, आणि तेवढ्यात कीबोर्डचा अ‍ॅडाप्टर गेला. तेव्हापासून मी हॉल बघायला जाताना साऊंडवाल्याला मल्टिमीटर घेऊनच नेतो. तीनही फेजला न्यूट्रलशी २३० च्या आसपास यायला हवेत, एक १९० आणि दुसरा २६० दाखवत असेल तर न्यूट्रलमध्ये गडबड आहे. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तरी विचारायचं. मात्र हे लोड चालू असताना बघायचं आणि हॉलच्या वायरमनने बोर्ड उघडायचा, तुम्ही कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे व्हायचं नाही.

वेळेचं गणित उलटं मांड. कार्यक्रम ५:३०, दार ५ ला उघडणार. साऊंड चेक दीड तास, म्हणजे ३:३०. त्याआधी लाइट, साऊंड, वॉल आणि खुर्च्या लावायला चार-पाच तास. म्हणजे आदल्या रात्री दहाला हॉल ताब्यात हवा, रिकामा आणि झाडलेला. आता तू म्हणशील दिवाळीत लग्नं कुठे असतात, तुळशीचं लग्न लागल्याशिवाय कुणी करत नाही. बरोबर, पण म्हणूनच त्या दिवसांत हॉल प्रदर्शनवाल्यांना देतात, कंदील, पणत्या, पैठण्या आणि फराळाचे स्टॉल. ते नऊला बंद होतं आणि स्टॉल काढता काढता एक वाजतो. आमचं असंच झालं होतं, आमचा टेम्पो गेटबाहेर आणि आत एक काकू उरलेल्या चकल्या पॅक करतायत, त्यांची तरी काय चूक, त्यांना मॅनेजरने रात्रीपर्यंत वेळ दिला होता आणि आम्हालाही. तेव्हा आदल्या दिवशी काय बुकिंग आहे आणि ते किती वाजता रिकामं करणार हे सरळ विचार. रात्रीचे तास भाड्यात धरलेत की वेगळे, तेही.

अजून एक. नरकचतुर्दशीच्या पहाटे हॉलचा वायरमन कुठे असतो? घरी, उटणं लावून. म्हणून त्या रात्री ड्युटीवर कोण असणार, वायरमन आणि वॉचमन दोघांची नावं आणि नंबर कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी मिळतील असं लेखी घे.

आवाजाचा नियमही ह्याच्यात येतो. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, बंदिस्त सभागृहाला आतल्या आत वापरायची सूट आहे. पण बंदिस्त म्हणजे दारं-खिडक्या बंद. एसी पहाटे चालू नसेल आणि लोकांनी खिडक्या उघडल्या तर शेजारच्या सोसायटीतून फोन जाणार, तेव्हा एसी पाचला चालू मिळणार का हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. आणि कुणी ‘आपण लॉनवर करू, छान वाटेल’ म्हटलं तर सहाच्या आधी तिथे माइक नाही.

बरं, आता मेल. असा लिही, मापं आणि आकडे तुझे टाक:

विषय: नरकचतुर्दशी दिवाळी पहाट – हॉल पाहणी आणि तीन बाबींची लेखी खात्री

मा. व्यवस्थापक,
सप्रेम नमस्कार.
फोनवर बोलल्याप्रमाणे नरकचतुर्दशीला पहाटे ५:३० ते ८:३० या वेळेत आपल्या हॉलमध्ये दिवाळी पहाट करायची आमची इच्छा आहे. हा खुर्च्यांवर बसून ऐकायचा गाण्याचा कार्यक्रम आहे, लग्नसमारंभासारखी ये-जा नसेल. अ‍ॅडव्हान्स भरण्याआधी आम्ही तिघं (सोबत आमचे साऊंड-लाइटवाले) हॉल बघायला येऊ इच्छितो. गुरुवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी ७ ते ९ मध्ये, हॉलवर कार्यक्रम चालू असताना ४५ मिनिटं मिळाली आणि आपले वायरमन सोबत असले तर बरं होईल.
आपल्याकडून या गोष्टी लेखी कळवाव्यात:
१. हॉल आणि स्टेजची लांबी-रुंदी. दोन्ही बाजूंना ४ फूट आणि मधे ५ फूट वाट मोकळी ठेवून रांगेत किती खुर्च्या बसतात, आणि त्यातल्या हॉलच्या किती. बाहेर पडायची दारं किती. जुलैचा फॉर्म बी पाहणीच्या वेळी बघायला मिळावा.
२. आमचा स्टेजचा लोड अंदाजे २१ किलोवॉट आहे. स्टेजजवळ थ्री फेज ६३ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट मिळेल का, आणि केटररच्या बॉयलरसाठी (६ किलोवॉट) वेगळी लाइन कुठे आहे. जनरेटर किती केव्हीए, त्यावर स्टेज आणि एसी चालतो का, डिझेलचा खर्च कसा.
३. आदल्या रात्री १० पासून हॉल रिकामा मिळेल का. त्या दिवशी दुसरं बुकिंग असल्यास ते किती वाजता संपतं. टेम्पो कुठल्या गेटने आत येईल. एसी पहाटे ५ ला चालू मिळेल का. सकाळी हॉल किती वाजेपर्यंत रिकामा करायचा आणि उशीर झाल्यास तासाला किती.
आपलं उत्तर आणि पाहणी झाली की अ‍ॅडव्हान्स त्याच दिवशी जमा करतो.
कळावे,
(नाव, ग्रुपचं नाव, मोबाइल)

‘अ‍ॅडव्हान्स त्याच दिवशी जमा करतो’ ही ओळ काढू नकोस. मॅनेजर उत्तर देतो ते त्या ओळीसाठी. आणि बघ, ह्यातल्या बहुतेक प्रश्नांना नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही, आकडा, वेळ किंवा जागा सांगावी लागते, म्हणजे त्यालाही उठून बघावं लागतं. पाहणीची वेळ संध्याकाळचीच माग. रिकाम्या हॉलमध्ये दुपारी बारा वाजता सगळं मस्त दिसतं, कार्यक्रम चालू असला की एसी पुरतो का, पार्किंग कुठे तुंबतं, लिफ्ट किती वेळ लावते आणि मीटर लोडवर काय दाखवतो ते कळतं. टेप घेऊन जा. वॉलच्या पेट्या मोठ्या असतात, सर्व्हिसचं दार आणि लिफ्टचं दार दोन्ही मोज, हॉल पहिल्या मजल्यावर असेल तर आधी तेच.

बघून आलीस की त्याच रात्री चार ओळींचा दुसरा मेल टाक: आज प्रत्यक्ष बघितल्याप्रमाणे खुर्च्या ३६०, स्टेजला ६३ अँपिअर, जनरेटरवर स्टेज आहे एसी नाही, ताबा रात्री १० ला, ‘बरोबर आहे’ एवढं कळवा. हा मेल पहिल्यापेक्षा कामाचा. पण उत्तर आलं नाही तर त्याला होकार समजू नकोस, गप्प बसलेला मॅनेजर काहीच कबूल करत नसतो. पुष्कळ मॅनेजर मेल बघतच नाहीत, त्यांच्यासाठी तीच प्रिंट घेऊन ऑफिसात जा, सही आणि शिक्का घे, मोबाइलवर फोटो काढ. व्हॉट्सअपवर ‘ओके’ आला तरी चालेल, पण तो त्या चार ओळींच्या खाली आलेला हवा, तुमच्या फोन कॉलनंतर आलेला अंगठा नको. हॉल ट्रस्टचा असेल तर ट्रस्टच्या मेलवर पण कॉपी टाक, मॅनेजर मधेच बदलतात.

आणि पैसे भरताना पावतीवर पेनाने एक ओळ लिहून घे, ‘अमुक तारखेच्या ईमेलमधल्या अटींप्रमाणे’. लोक म्हणतात कोर्टात कोण जातंय. कोर्टात नाहीच जायचं, रात्री साडेदहाला गेटवर वॉचमन म्हणेल मला काही सांगितलेलं नाही, तेव्हा त्याला दाखवायला ती हवी.

समजा उत्तर आलं की पॉइंट ३२ चाच आहे. मग लगेच हॉल सोडायची गरज नाही. हॅलोजन काढून एलईडी स्पॉट घ्या आणि वॉलच्या जागी पडदा आणि झेंडूची तोरणं लावा, लोड बारा-तेरावर येतो आणि ३२ मध्ये ऐसपैस बसतो, गाण्यालाही पडदाच शोभतो असं माझं मत. खुर्च्या ३६० निघाल्या तर पासेस तेवढेच छापा. पण ताबा रात्री एकच्या आधी नाही असं उत्तर आलं तर मात्र दुसरा हॉल बघ, वेळ कमी पडली तर ती कुठूनच भरून काढता येत नाही. आणि उत्तर काहीही येवो, केटररला आजच फोन करून विचार की बॉयलर गॅसवरचा आणता येईल का.